व्हेलॉसिटीची तुलना का फसते?

आता दोन टीम घेऊ. लॉगिनच्या एकाच कामाला पहिली टीम ३ पॉइंट देते, दुसरी ८. दोघींनी स्प्रिंटमध्ये अशी आठ-आठ कामं संपवली, तर पहिलीची व्हेलॉसिटी २४ आणि दुसरीची ६४. काम तेवढंच! कारण पॉइंट हे त्या टीमनं आपल्यापुरतं ठरवलेलं माप आहे.

मॅनेजरनं हे आकडे शेजारी-शेजारी मांडले, की पहिली टीम त्याच कामाला ५ पॉइंट देऊ लागते. व्हेलॉसिटी ४० होते, कामं मात्र आठच. पॉइंट वाढले आणि वापरणाऱ्यापर्यंत पोचलेली कामं तेवढीच राहिली, की समजावं, माप फुगलंय.

मग तुलना कशाची करायची? काम हातात घेतल्यापासून वापरणाऱ्यापर्यंत पोचायला किती दिवस लागले, याची. दिवस सगळ्यांचा सारखाच असतो. तरी कामांचं स्वरूप वेगळं असतं, म्हणून आधी प्रत्येक टीमची तुलना तिच्याच मागच्या तिमाहीशी करू. दोन टीममध्ये मात्र एवढंच पाहू: काम अडून कुठे राहतं? नऊ दिवसांतले पाच रिव्ह्यूची वाट पाहण्यात जात असतील, तर मॅनेजरनं सोडवायचा प्रश्न तोच आहे.