पूर्वसंशोधनाचा आढावा, उणीव आणि पद्धती यांचा अन्वय

संशोधन आराखड्यातील पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संशोधन पद्धती ही दोन प्रकरणे पुष्कळदा एकमेकांशी संबंध नसल्यासारखी लिहिली जातात. आढाव्यात ग्रंथांची ओळख करून दिली जाते आणि पुढे पद्धतीत एकदम शंभर व्यक्तींना प्रश्नावली देण्याचे योजले जाते. ही प्रश्नावली कशासाठी, याचे उत्तर आढाव्यात सापडत नाही. हा दुवा कसा जोडावा, हे जात्यावरील ओव्यांच्या एका कल्पित आराखड्याच्या आधारे पाहू.

एका विद्यार्थिनीने प्रथम अशी उणीव मांडली : ‘अमुक तालुक्यातील ओव्यांचा अभ्यास झालेला नाही.’ विधान खरे असले, तरी ते केवळ स्थळाची रिकामी जागा दाखवते. त्या तालुक्यातील ओव्या अभ्यासल्याने ओवीविषयी नवे काय कळेल, हे त्यातून समजत नाही. त्यामुळे ओव्या जमवून त्यांचे विषयवार वर्गीकरण करणे, हीच नेहमीची पद्धत तिच्या हाती उरते.

दुसऱ्या मसुद्यात तिने ग्रंथांचा क्रम कालानुसार न ठेवता प्रत्येक संकलनाला एकच प्रश्न विचारला : येथे ओवी कोणत्या रूपात जतन झाली आहे? साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या मुख्यतः विषयांनुसार लावलेल्या आहेत. ओवी कोणी गायिली, याची ओवीगणिक नोंद तेथे नाही. यावरून ‘गायिकेची नोंद नाही’ अशी उणीव लिहिण्याचा मोह तिला झाला. परंतु हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्यांत गायिका व गाव यांच्या नोंदी आहेत आणि काही भागाचे ध्वनिमुद्रणही आहे. म्हणजे पहिल्या ग्रंथात दिसलेली उणीव या प्रकल्पाने बऱ्याच अंशी भरून काढली आहे. आढावा पूर्ण होण्याआधी उणीव ठरवू नये, याचे कारण हेच.

मात्र या प्रकल्पातही ओव्यांच्या मांडणीचा प्रमुख आधार विषय हाच आहे. विषयवार मांडणीत ओवी आपल्या जागेवरून उचलली जाते. गाताना तिच्या आधी कोणती ओवी होती आणि नंतर कोणती आली, हे नजरेआड होते. विद्यार्थिनीने उणीव अशी लिहिली : ‘अभ्यासलेल्या संकलनांत स्वतंत्र ओवी हे अभ्यासाचे एकक आहे. त्यामुळे एका ओवीतून दुसरी कशी सुचते, या प्रश्नाकडे त्यांच्या मांडणीतून पुरेसे लक्ष जात नाही.’ येथे ‘अभ्यासलेल्या संकलनांत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपण जेवढे वाचले, तेवढ्यापुरताच दावा करावा. ‘आजवर कोणीही’ असे लिहिल्यास एखादा लेखही तो दावा खोटा ठरवू शकतो.

आता पद्धतीचे निर्णय या विधानातूनच निघतात. क्रम अभ्यासायचा असल्याने एकक सुटी ओवी न राहता गाण्याची सलग बैठक होते. म्हणून मुद्रित संग्रह अपुरे पडतात. अखंड ध्वनिमुद्रण लागते. जात्यावर अनेकदा दोघी समोरासमोर बसून गात असत. सोबतिणीमुळे क्रम बदलतो का, हे पाहण्यासाठी प्रत्येक गायिकेच्या दोन बैठका ठरतात, एक एकटीची आणि एक सोबतिणीसह. प्रत्येक बैठकीचे बारकाईने लेखन करायचे असल्याने सहा गायिका पुरेशा होतात. विश्लेषणात दोन ओव्यांमधील सांधा तपासला जातो : तोच शब्द पुन्हा आला, तेच नाते पुढे चालले, विषय टिकला, की सोबतिणीने सूर दिला? शंभर जणींच्या प्रश्नावलीतून हे कळले नसते, कारण पुढची ओवी कशी सुचते हे गायिकेला सांगता येईलच असे नाही. ते ऐकावे लागते.

पद्धतीची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. आज बहुतेक घरांत दळण गिरणीतून येते. गायिका विनंतीवरून, आठवून गाणार. म्हणून निष्कर्ष आठवून गायिलेल्या ओव्यांच्या क्रमाविषयी असतील. प्रत्यक्ष दळतानाच्या क्रमाविषयी ते ठामपणे काही सांगू शकणार नाहीत.

आपला आराखडा तपासण्यासाठी पद्धतीचे पान झाकून केवळ उणिवेचे विधान सहाध्यायास वाचायला द्यावे. कोणती सामग्री लागेल आणि तिचे एकक कोणते, हे त्याला साधारणपणे सांगता आले, तर दुवा जुळला आहे. त्याने कोणतीही पद्धत चालेल असे म्हटले, तर दोष बहुधा उणिवेच्या विधानात आहे. दुरुस्ती तेथूनच सुरू करावी.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : वरील उदाहरणात उणीव ‘ओव्यांतील बोलीरूपांची नोंद अपुरी आहे’ अशी असती, तर सामग्री, एकक व विश्लेषण यांत कोणते बदल करावे लागले असते?