दोरी ओढली, तरी पट्टा थांबेना

साखर कारखान्यात चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, गोदामापासून बॉयलरपर्यंत नेणारा पट्टा दोन-तीनशे मीटर लांब असणं नवलाचं नाही. पट्ट्याच्या कडेने एक दोरी ताणलेली असते आणि ठरावीक अंतरावर ती एकेका स्विचला बांधलेली असते. कामगारांच्या तोंडी हा ‘पुलकॉर्ड’. कुणाचं धोतर, गमछा किंवा हात रोलरमध्ये सापडला, तर जवळ असेल त्याने दोरी ओढायची आणि पट्टा उभा करायचा, एवढंच त्याचं काम.

समजा, हंगामाआधीच्या चाचणीत पॅनलजवळची दोरी ओढली आणि पट्टा जागच्या जागी थांबला. मग एक जण चालत शेवटच्या टोकाला गेला आणि तिथली दोरी ओढली. पट्टा चालूच. पॅनलमध्ये पीएलसीच्या इनपुट कार्डावरचा हिरवा दिवाही चालूच. वायरमनने स्विच उघडून पाहिला, तर संपर्क व्यवस्थित सुटलेला. कार्ड बदललं, तरी तेच. इनपुटवर मीटर लावला, तर नव्वदच्या आसपास व्होल्ट. २३० नाही आणि शून्यही नाही. तार तर तोडलेली आहे, मग हे नव्वद व्होल्ट कुठून आले?

आधी जोडणी पाहू. पॅनलमधून २३० व्होल्टची फेज निघते, एकामागून एक सगळ्या पुलकॉर्ड स्विचमधून जात टोकापर्यंत पोचते आणि दुसऱ्या तारेने परत येऊन पीएलसीच्या इनपुटला मिळते. स्विचचे संपर्क एरवी बंद असतात. वीज फिरून आली, की पीएलसी समजतो ‘सगळं ठीक’. दोरी ओढली, तार तुटली किंवा फ्यूज उडाला, तर वीज यायची थांबते आणि पट्टाही थांबतो. योजना मुद्दाम अशी केलेली असते, की बिघाड झाला तरी तो थांबण्याच्या बाजूने व्हावा.

घोळ आहे तो जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या तारा एकाच केबलमध्ये असण्यात. दोन तांब्याच्या तारा आणि मध्ये पीव्हीसीचा पातळ थर म्हणजे तयार कपॅसिटर. हातभर केबलमध्ये तो नगण्य असतो, पण लांबी वाढेल तसा तो वाढत जातो. हिशेबासाठी दर किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड धरू. केबलच्या बनावटीनुसार आकडा कमी-जास्त होईल, पण मोजमापाचा अंदाज यायला तो पुरे. ३०० मीटरला झाले ०.०६ मायक्रोफॅरड. ५० हर्ट्झच्या विजेला हा कपॅसिटर सुमारे ५३ किलोओहमचा अडथळा करतो. अडथळा मोठा खरा, पण बंद दरवाजा नव्हे. टोकाचा संपर्क सुटला तरी फेजची वीज केबलभर इन्सुलेशनच्या आडून परतीच्या तारेत झिरपत राहते, जास्तीत जास्त चारेक मिलिअँपिअर.

एवढ्याने काय होतंय, असं वाटेल. पण २३० व्होल्टचं इनपुट कार्ड स्वतःच पूर्ण व्होल्टेजला जेमतेम दहा मिलिअँपिअर खातं, म्हणजे ते सुमारे २३ किलोओहमचं असतं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा इनपुटने ४० व्होल्टच्या खाली ‘नाही’ म्हणायचं आणि ७९ च्या वर ‘आहे’ म्हणायचं. मधल्या पट्ट्यात काय म्हणायचं, ते कार्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर. केबलचे ५३ आणि कार्डाचे २३ किलोओहम एकापुढे एक आले, की कार्डाच्या वाट्याला येतात साधारण ९१ व्होल्ट. म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही. ७९ च्या वरचं व्होल्टेज दिसलं आणि त्याने प्रामाणिकपणे ‘आहे’ म्हटलं.

मग जवळची दोरी कशी चालली? पहिलाच स्विच सुटला, की त्याच्या पुढची जाणारी तार मृत होते. परतीच्या तारेशेजारी जिवंत फेज उरते ती पॅनलपासून त्या स्विचपर्यंतच. स्विच ५० मीटरवर असेल, तर कार्डावर १७ व्होल्टच येतील आणि ते निमूट बंद होईल. याच हिशेबाने सुमारे १२० मीटरवर ४० व्होल्टची रेषा ओलांडली जाते आणि २५० मीटरच्या आसपास ७९ ची. म्हणजे पहिल्या १२० मीटरमधल्या दोऱ्या खात्रीच्या, त्यापुढच्या नशिबाच्या आणि शेवटच्या पन्नास मीटरमधल्या निव्वळ शोभेच्या. त्या टोकाला तार तुटली, तरी पीएलसीला सगळं ठीकच दिसणार. चाचणी करणारा माणूस पॅनलजवळ उभा असतो आणि त्याच्या हाताशी असते ती नेमकी चालणारी दोरी, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं सापडत नाही.

केबल बारा कोअरची असेल आणि त्यात इतरही २३० व्होल्टच्या तारा असतील, तर प्रत्येक जिवंत शेजारी आपली भर घालतो. न्यूट्रलला किंवा अर्थला जोडलेल्या तारा उलट थोडं व्होल्टेज ओढून घेतात. त्यामुळे एखादी दुसरीच मोटर चालू असताना दिवा पेटतो आणि ती बंद असताना विझतो, असे चमत्कार दिसतात आणि मग प्रोग्राममध्ये चूक शोधणं सुरू होतं. तिथे रात्र घालवण्याआधी पुलकॉर्डच्या सर्किटचा फ्यूज काढून पाहावा. फ्यूज काढूनही इनपुटवर व्होल्टेज टिकलं, तर ते शेजाऱ्यांकडून येतंय.

हे झिरपलेलं व्होल्टेज ओळखताना नेहमीची हत्यारं दगा देतात. खिशातला निऑन टेस्टर मिलिअँपिअरच्याही अंशावर पेटतो, म्हणून तो इथे ठणठणीत फेज दाखवतो. डिजिटल मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज खात नाही, त्याचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. परतीची तार कार्डातून सोडवून त्यावर हा मीटर लावला, तर नव्वदच्याही बरेच वर आकडा दिसेल आणि वायरमन ठामपणे सांगेल, ‘साहेब, स्विच सुटलाच नाही.’ थेंब थेंब ठिबकणाऱ्या नळाखाली ठेवलेली बादली सकाळी भरलेली मिळते, पण त्या नळाखाली आंघोळ करता येत नाही. मीटर पाहतो ती भरलेली बादली.

उपाय जुना आहे आणि जुन्या वायरमनना तो माहीतच असतो. कार्डातून तार सोडवायची आणि ती तार व न्यूट्रल यांच्यामध्ये झिरोचा बल्ब लावायचा. झिरो म्हणतात, पण तो असतो १५ वॅटचा आणि पेटायला त्याला ६५ मिलिअँपिअर लागतात. झिरपलेली चार मिलिअँपिअर त्याला लाल करायलाही पुरत नाहीत. बल्ब लावताच मीटरवरचा आकडा कोसळला आणि बल्ब अंधाराच राहिला, तर ते व्होल्टेज केबलमधून झिरपलेलं. बल्ब पेटला, तर मात्र कुठेतरी खरीच फेज चिकटली आहे. इन्सुलेशन सोललं असेल, जंक्शन बॉक्समध्ये पाणी गेलं असेल किंवा स्विच खरोखर सुटत नसेल. जंक्शन बॉक्समध्ये नुसती ओल असेल, तर मंद गळती होते आणि बल्बाने तीही स्पष्ट होत नाही. तेव्हा केबल दोन्ही टोकांना सोडवून मेगर लावावा. कार्ड जोडलेलं ठेवून मेगर फिरवला, तर कार्डाचा बळी जातो.

दुरुस्तीचा सरळ विचार म्हणजे कार्डाला समांतर एक रोध लावायचा, म्हणजे झिरपलेल्या विजेला वाट मिळते. व्होल्टेज २० वर आणायचं, तर साधारण ५.६ किलोओहम लागतात. पण एरवी संपर्क बंद असताना त्याच रोधावर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि तो सुमारे साडेनऊ वॅट उष्णता टाकत बसतो. पॅनलमध्ये असे दहा रोध लावले, की छोटी शेगडीच झाली. त्याऐवजी ०.४७ मायक्रोफॅरडचा मेन्ससाठी बनवलेला कपॅसिटर आणि त्याच्यापुढे शंभर-दोनशे ओहमचा रोध लावला, तर झिरपलेलं व्होल्टेज २५ च्या आसपास येतं आणि उष्णता नावापुरती राहते. तो छोटा रोध गाळू नये. संपर्क बंद होताना रिकामा कपॅसिटर एकदम वीज ओढतो आणि स्विचचे संपर्क चिकटू लागतात. मग दुसराच रोग जडायचा.

मला विचाराल, तर हे ठिगळ आहे. खरा उपाय म्हणजे लांब अंतरावर २३० व्होल्ट पाठवायचेच नाहीत. २४ व्होल्ट डीसी वापरा. कपॅसिटर स्थिर डीसी पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे परतीच्या तारेत झिरपायला काही उरत नाही. तारेत व्होल्टेज घटेल ही शंका नेहमी येते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम, जाऊन-येऊन ६०० मीटरला सात-सव्वासात ओहम. डीसी इनपुट चार मिलिअँपिअर घेतं, म्हणजे घट ०.०३ व्होल्टची. विषयच संपला.

अट एकच, ती डीसीची तार २३० व्होल्टच्या केबलमध्ये किंवा ड्राइव्हच्या मोटरकेबलला खेटून नेऊ नये. नेली, तर शेजारची वीज तिच्यातही उतरते आणि इनपुट सेकंदाला पन्नास वेळा लुकलुकू शकतं. अशा वेळी इनपुटचा फिल्टर काही मिलिसेकंदांवरून वाढवून २० वर नेण्याची टूम निघते. दिव्याचं लुकलुकणं त्याने थांबतं, झिरपणं थांबत नाही.

डीसीमध्ये सुटं इनपुट ‘तरंगतं’ आणि म्हणून खोटं बोलतं, असंही सांगतात. पीएलसीच्या नेहमीच्या डीसी इनपुटला आतून सहाएक किलोओहमचा रोध कॉमनशी बांधलेला असतो, त्यामुळे नुसती तार सुटली तर ते शून्यावरच बसतं. तरंगतो तो कॉमन. त्याचा स्क्रू ढिला झाला, की त्याच्यावरची सगळी इनपुट्स एकदम वेडावतात. एकच इनपुट बिघडलं तर त्याची तार किंवा सेन्सर पाहावा, आठच्या आठ बिघडले तर कॉमन. दोन तारांचे सेन्सर बंद असतानाही स्वतःपुरती थोडी वीज सोडतात, तिथेही वर केलेलाच हिशेब लागतो. सेन्सरची गळती इनपुटच्या ‘नाही’ मर्यादेपेक्षा कमी आहे ना, एवढं दोघांच्या माहितीपत्रकात पाहायचं.

पुलकॉर्डबाबत आणखी एक पथ्य. जिवाशी संबंधित थांबा एकट्या साध्या इनपुटवर सोडू नये. त्यासाठी दोन वेगळ्या मार्गांवर लक्ष ठेवणारा सेफ्टी रिले असतो आणि तो मोटरचा कॉन्टॅक्टर थेट तोडतो. पीएलसीला फक्त कुठली दोरी ओढली ते कळवायचं. चाचणीतही सर्वांत दूरची दोरी आधी ओढावी आणि तार कार्डाला जोडलेली असतानाच इनपुटवरचं व्होल्टेज मोजून वहीत लिहावं. चाळीसच्या बरंच खाली असेल तर ठीक. पुढच्या वर्षी पट्टा साठ मीटरने वाढवला किंवा त्याच केबलमधली एखादी रिकामी तार कुणी वापरली, तर तोच आकडा पुन्हा मोजावा लागेल.