पंचाहत्तरची अ‍ॅस्पिरिन आणि डोकेदुखीची अ‍ॅस्पिरिन

अनेक घरांत औषधांच्या डब्यात अ‍ॅस्पिरिनच्या दोन स्ट्रिपा असतात. एक आजोबांची ‘रक्त पातळ करायची’, दुसरी डोकेदुखीची. औषध एकच, पण पहिलीवर ७५ किंवा १५० मिलिग्रॅम लिहिलेले असते, दुसरीवर ३०० ते ३५०च्या आसपास.

खरे तर छोटी गोळी रक्त पातळ करत नाही. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी बनवतात, ती क्षमता ती घालवते. प्लेटलेटमध्ये पेशीकेंद्र नसल्याने बाद झालेले विकर तिला पुन्हा बनवता येत नाही. त्यामुळे तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यभर परिणाम टिकतो. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, तेवढ्यांसाठी रोजची छोटी मात्रा पुरते. वेदना मात्र इतर पेशींमुळे होते. त्या विकर पुन्हा तयार करतात, म्हणून तिथे मोठी मात्रा लागते आणि काही तासांत तिचा असर ओसरतो.

दुसरा फरक आवरणाचा. रोजच्या गोळीच्या स्ट्रिपवर बहुधा ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ किंवा ‘एंटेरिक कोटेड’ असे छापलेले असते. हे आवरण जठरातल्या आम्लात टिकते आणि पुढे लहान आतड्यात विरघळते. डोकेदुखीची गोळी बहुधा पाण्यात विरघळवून घ्यायची असते, कारण तिथे घाई असते.

समजा, दुकानात ७५ची गोळी संपली आहे आणि आजोबांनी १५०ची आवरणाची गोळी मोडून अर्धी घेतली. मात्रा बरोबर, पण आवरण फुटल्याने औषध थेट जठरात सुटते. त्यापेक्षा दुसऱ्या दुकानात ७५ची शोधावी. त्याच दिवशी डोके दुखले म्हणून मोठी गोळीही घेतली, तर एकूण मात्रा चारशेच्या घरात जाते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी डॉक्टर बहुधा पॅरासिटामॉल सुचवतात.

आवरण असले तरी पोट पूर्ण सुरक्षित राहत नाही. रक्तात शिरलेली अ‍ॅस्पिरिनही जठराचे संरक्षक अस्तर कमकुवत करते. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर लगेच रुग्णालय गाठावे. डेंग्यूचा संशय असलेल्या तापात आणि लहान मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन देऊ नये. दुसरीकडे, स्टेंट बसवलेल्याने रोजची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणेही घातक ठरू शकते.

हृदयविकाराच्या झटक्यात मात्र नियम उलटतो. १०८ला फोन केल्यावर, अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर डॉक्टर सुमारे ३०० मिलिग्रॅम चावून घ्यायला सांगतात. हाताशी आवरणाच्याच गोळ्या असतील, तर ७५च्या चार चावाव्या लागतात. औषध लवकर रक्तात उतरावे म्हणून एरवी जपायचे ते आवरण इथे मुद्दाम फोडायचे असते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे अशी पक्षाघाताची लक्षणे असतील, तर अ‍ॅस्पिरिन देऊ नये. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.