एका रुपयाचं उत्तर

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ब्रॅकेट बनवून घ्यायचे होते. परचेसवाला म्हणाला, "साहेब, पीओ आजच सोडा, कागद येतील मागाहून." अकाउंट्सने ऐकलं नाही. व्हेंडर कोड उघडल्याशिवाय सिस्टीममधून पीओ निघत नाही आणि कोडसाठी पॅन, जीएसटी सर्टिफिकेट व कॅन्सल्ड चेक लागतोच.

संध्याकाळी झेरॉक्स आल्या. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले 27 म्हणजे महाराष्ट्र, पुढची 10 अक्षरं म्हणजे खुद्द पॅन, त्यामुळे एक कागद दुसऱ्यावर ताडता येतो. पॅनचं चौथं अक्षर P होतं, म्हणजे धंदा एका माणसाच्या नावावर. कंपनीला तिथे C असतं. नोंदणी चालू आहे की नाही ते मात्र पोर्टलवरच बघावं लागतं. रद्द झाली तरी झेरॉक्स तशीच दिसते आणि त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही.

चेकवर नाव छापलेलं नव्हतं. म्हणून त्या खात्यात एक रुपया पाठवला. याला पेनी ड्रॉप म्हणतात: रुपया जमा होतो आणि समोरची बँक खातेदाराचं नाव कळवते. आडनाव तेच आलं, नाव वेगळं. विचारल्यावर कळलं, खातं मुलाचं. वडिलांचं खातं कॅश क्रेडिटचं; आलेला पैसा तिथे आधी कर्जात वळता होतो.

यात लबाडी नव्हती, अडचण होती. पण बिल वडिलांचं आणि पैसे मुलाला, असं केलं तर उद्या वडील म्हणू शकतात, मला पैसे मिळालेच नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःचं खातं दिलं. या वेळी नाव जुळलं. दुकानाच्या पाटीवरचं नाव वेगळं होतं, पण ते जीएसटीत व्यापारी नाव म्हणून नोंदलेलं होतं.

तरीही नाव जुळणं पुरेसं नाही. लिथुआनियाच्या एव्हाल्दस रिमासाउस्कासने तैवानच्या 'क्वांटा कॉम्प्युटर'च्याच नावाची कंपनी लॅटव्हियात नोंदवली आणि 2013 ते 2015 मध्ये फेसबुक व गूगलकडून 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. दोघांचाही क्वांटाशी व्यवहार जुनाच होता. खाती तेवढी त्याची होती. 2019 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून अकाउंट्सच्या बाईंनी फोन लावला तो फॉर्मवरच्या नंबरवर नाही, परचेसवाला वर्कशॉप बघायला गेला तेव्हा पाटीवरून उतरवून आणलेल्या नंबरवर. म्हातारबुवांनी चष्मा शोधला, पासबुक उघडलं आणि शेवटचे चार आकडे वाचले. बाईंनी खातं भरलं; मंजुरी दुसऱ्याच माणसाने दिली, कारण भरणारा आणि पास करणारा एकच असला तर ही सगळी तपासणी नावापुरती. पीओ दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. परचेसवाला अजून फुगलेलाच आहे.