गोलाई जोडताना चुणी का पडते?

सरळ चौकोन झरझर जोडणाऱ्या मैत्रिणींनो, गोलाई आली की हात अडखळतो ना? अमेरिकन गोधड्यांतला ‘ड्रंकार्ड्स पाथ’ घ्या. त्यात पाव गोल आणि त्याला बसणारा खोलगट तुकडा असतो. शिलाईची रेघ ३ इंच त्रिज्येची आणि माया पाव इंच धरली, तर गोलाची कड खोलगट कडेपेक्षा जवळजवळ पाऊण इंच लांब भरते. वाटतं, कापतानाच चुकलं! पण शिलाईच्या रेघा सारख्याच असतात. जुळवायच्या त्या रेघा, कडा नव्हेत.

दोन्ही तुकडे दुमडून मध्यावर घडी पाडा. सुलट बाजू समोरासमोर ठेवून आधी मध्यावर टाचणी लावा, मग दोन्ही टोकांना. खोलगट कडेला अर्ध्या मायेपर्यंतच बारीक काप दिले की ती उघडते. मधल्या टाचण्या त्यानंतर. शिवताना खोलगट तुकडा वर ठेवा, म्हणजे जमणारी चुणी डोळ्यांसमोर राहते आणि बोटाने सारता येते. माझ्या पहिल्या तुकड्यात टोकाची टाचणी राहिली, नि सगळी चुणी शेवटच्या इंचात गोळा झाली. असं झालं तर तेवढीच शिलाई उसवा. कापड मात्र ओढू नका, उरेब कड ताणली की इस्त्रीनेही बसत नाही.