दोन पडदे, एक बाण

घरी काम करणाऱ्या अनेकांच्या टेबलावर आता दोन मॉनिटर दिसतात, आणि बहुतेक वेळा त्यांची माप जुळत नाहीत. जुना २४ इंची चालू असतो म्हणून तो टाकवत नाही, नवा २७ इंची त्याच्या शेजारी येऊन बसतो. मग त्रास सुरू होतो. मोठ्या पडद्यावरून माऊसचा बाण उजवीकडे न्यावा, तर तो कडेला थडकून थांबतो, जणू पलीकडे काही नाहीच. थोडा वर नेला की पलीकडे जातो, पण जिथून निघाला त्या उंचीवर उतरत नाही. दिवसभर डोळे आणि हात यांचा असा चुकामूक होत राहिला की माणूस थकतो, आणि थकवा कशाचा हेही त्याला कळत नाही.

दोष ना मॉनिटरचा ना माऊसचा. संगणक पडदा सेंटिमीटरमध्ये मोजत नाही, पिक्सेल म्हणजे ठिपक्यांत मोजतो. नेहमीच्या २७ इंची मॉनिटरवर ठिपक्यांच्या १४४० आडव्या ओळी असतात आणि पडद्याची उंची भरते ३३.६ सेंटिमीटर. २४ इंचीवर १०८० ओळी आणि उंची २९.९ सेंटिमीटर. भागाकार करून पाहा: मोठ्या पडद्याच्या एका सेंटिमीटरमध्ये सुमारे ४३ ओळी बसतात, लहानाच्या सेंटिमीटरमध्ये ३६. बारीक चौकडीचा आणि मोठ्या चौकडीचा आलेख कागद शेजारी ठेवले, तर एका जागी रेघ जुळवता येते, पण तिथून जितकं लांब जावं तितक्या रेघा फाकत जातात. इथेही तेच होतं. बाण १०० व्या ओळीवरून निघाला तर शेजारच्या पडद्यावर नेमून दिलेल्या ओळीवर उतरतो. ती ओळ टेबलापासून किती उंच आहे, याच्याशी संगणकाला देणंघेणं नसतं.

आता विंडोजवर काय घडतं ते पाहू. समजा दोन्ही पडद्यांच्या खालच्या कडा टेबलापासून सारख्याच उंचीवर आहेत, पण संगणकाने दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत धरल्या आहेत. मोठ्याच्या खालच्या ३६० ओळींना मग शेजारी कोणीच उरत नाही. या ओळी म्हणजे पडद्याचा तळचा ८.४ सेंटिमीटरचा पट्टा. तिथून बाण पलीकडे जाणार नाही, जरी डोळ्यांना शेजारी लहान पडदा अगदी स्पष्ट दिसत असला तरी. उलट लहान पडद्याच्या तळातून डावीकडे गेलात, तर बाण एकदम ८.४ सेंटिमीटर वर उडतो.

दुरुस्ती Settings मध्ये System आणि मग Display इथे होते. १ आणि २ अशा क्रमांकांच्या दोन चौकटी दिसतात. Identify दाबलं की कोणता क्रमांक कोणत्या पडद्याचा ते कळतं. लहान चौकट माऊसने पकडून वर-खाली सरकवायची आणि Apply दाबायचं. मात्र या चौकटींचा आकार इंचांवर नसतो, ठिपक्यांवर असतो, हे विसरलं की माणूस टेबलावर दिसतं तसंच चित्र काढायला जातो आणि फसतो.

मग चौकट नेमकी कुठे ठेवायची? माझं उत्तर असं: जिथून बाण सर्वाधिक वेळा पलीकडे जातो ती उंची निवडा आणि फक्त तीच जुळवा. सगळ्या उंचीवर जुळवणं या जोडीला शक्यच नाही. बहुतेकांचा बाण मधल्या भागातून जातो, म्हणून आपण लहान पडद्याचा मध्य धरू. तो टेबलालगतच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर आहे. मोठ्या पडद्यावर १५ सेंटिमीटर म्हणजे खालून सुमारे ६४० ओळी. लहानाचा मध्य त्याच्या स्वतःच्या तळापासून ५४० ओळींवर आहे. फरक १०० ओळींचा. म्हणून लहान चौकटीचा तळ मोठ्या चौकटीच्या तळापेक्षा १०० ओळी वर हवा, म्हणजे मोठ्या चौकटीच्या उंचीचा साधारण चौदावा भाग. एवढं केलं की मधल्या पट्ट्यात बाण सरळ जातो, आणि लहान पडद्याच्या अगदी वरच्या व खालच्या टोकाला २.३ सेंटिमीटरचीच उडी उरते.

चौकटी कडांना आपोआप चिकटतात, त्यामुळे १०० ओळींचं बारीक अंतर हाताने साधणं कधीकधी जिकिरीचं होतं. लिनक्सवर, जिथे जुनी एक्स पद्धत चालते तिथे, आकडा थेट लिहिता येतो. वरून मोजलं तर तो २६० येतो, कारण १४४० मधून १०८० आणि १०० वजा होतात:

```
xrandr --output DP-1 --mode 2560x1440 --pos 0x0 \
       --output HDMI-1 --mode 1920x1080 --pos 2560x260
```

जोडणीची नावं प्रत्येक यंत्रावर वेगळी असतात. नुसतं `xrandr` लिहिलं की ती दिसतात.

स्टँड वरखाली होत असेल तर काम सोपं. लहान मॉनिटर १.८५ सेंटिमीटर उचलला की दोन्ही पडद्यांचे मध्य एका रेषेत येतात, आणि चौकटीही मध्यावर मध्य ठेवता येतात. हिशोबाची गरज उरत नाही. म्हणून आधी स्टँड, मग चौकट हा क्रम मला पटतो.

तपासायला एखादी खिडकी अर्धी या, अर्धी त्या पडद्यावर ओढून पाहा. निवडलेल्या उंचीवर तिची वरची कड सरळ ओळीत दिसली पाहिजे. मॅकवर खिडकी सहसा एकाच पडद्यावर दिसते, म्हणून तिथे बाणच हळूहळू पलीकडे नेऊन वर, मध्ये आणि खाली पाहावं. मॅकचं आणखी एक वेगळेपण आहे: तिथे चौकटीचा आकार तुम्ही निवडलेल्या दृश्य आकारावर ठरतो. अक्षरं मोठी दिसणारा पर्याय घेतला की चौकट लहान होते आणि जुळवणी पुन्हा करावी लागते. विंडोजवर Scale बदलल्याने चौकटीवर परिणाम होत नाही. मात्र दोन पडद्यांचं Scale वेगवेगळं असेल, तर मध्ये अडकलेली खिडकी एका बाजूला बेढब दिसते.

विंडोज ११ मध्ये Multiple displays खाली Ease cursor movement between displays असा पर्याय आहे. तो लावला की शेजारी काही नसलेल्या कडेवरूनही बाण अडकत नाही, पलीकडे जातो. अडकण्याचा त्रास यातून संपतो, उंचीचा चुकवा संपत नाही. त्यासाठी Little Big Mouse नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते ठिपक्यांऐवजी पडद्याची खरी मापं धरून बाणाला वाट दाखवतं. मॉनिटर आपली लांबी-रुंदी संगणकाला सांगतच असतो. हे सॉफ्टवेअर ती माहिती वापरतं, आणि ती चुकीची निघाली तर मोजपट्टीने मोजून हाताने भरता येते. मात्र ते फक्त बाण सुधारतं. दोन पडद्यांवर पसरलेली खिडकी पूर्वीसारखीच तुटलेली दिसते.

दोन्ही एकाच वेळी जुळवायचं असेल, तर उपाय खरेदीच्या वेळीच करावा लागतो. २४ इंची १०८० ओळींच्या मॉनिटरशेजारी ३२ इंची १४४० ओळींचा घ्या. ३२ भागिले २४ आणि १४४० भागिले १०८०, दोन्हींचं उत्तर एकच येतं, चार तृतीयांश. म्हणजे दोघांचे ठिपके तंतोतंत एकाच मापाचे. चौकटी टेबलावरच्या मांडणीसारख्याच ठेवा: बाण वरून जावो की खालून, उडी नाही, आणि पसरलेल्या खिडकीची कडही सरळ. मोठ्या पडद्यावर अक्षरं तितकी बारीक-रेखीव नसतील, जवळून वाचणाऱ्याला ते जाणवेल. पण ज्याला जुना २४ इंची ठेवायचाच आहे आणि दोन्हींवर एकच काम पसरून करायचं आहे, त्याने २७ इंचीपेक्षा हीच जोडी आधी पाहावी.