एक चाल फुकट घालवण्याची कला

राजा आणि प्याद्यांच्या अंतिम लढतीत चाल टाळण्याची सवलत नसते, आणि कित्येकदा ज्याची पाळी तोच हरतो. दोन राजे एकाच रेषेत, मध्ये एक किंवा तीन घरे सोडून समोरासमोर उभे असले, की पाळी नसलेल्याकडे ‘ऑपोझिशन’ असते. एरवी तेवढ्यावर निकाल लागतो. मात्र प्यादी अडकून बसलेली असली तर हा हिशेब फसवू शकतो.

१९१२ मधल्या फाहर्नी विरुद्ध आलापिन या डावातली स्थिती याचे नमुनेदार उदाहरण आहे. पांढरा राजा डी५ वर, पांढरी प्यादी ए५ आणि सी६ वर. काळा राजा सी८ वर, काळे प्यादे ए६ वर. ‘ए’ पट्टीतली प्यादी एकमेकांना अडवून उभी आहेत. खेळी काळ्याची असती तर तो लगेच हरला असता. राजा सी७ वर आला तर पांढरा सी५ वर येतो आणि पुढे बी६ गाठून ए६ चे प्यादे मारतो. डी८ वर गेला तर पांढरा डी६ वर येतो. मग काळा सी८ वर परतताच सी७ अशी प्याद्याची चाल होते आणि वजीर अटळ ठरतो.

पण खेळी पांढऱ्याची आहे. सी५ ला काळ्याचे उत्तर सी७, डी६ ला डी८. दोन्ही वेळा ऑपोझिशन काळ्याकडे. त्यानंतर प्यादे सी७ वर रेटून शह दिला, तर काळा सी८ वर जातो. राजा सी६ वर आणून प्यादे राखावे, तर काळ्याला एकही चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो.

म्हणून पांढरा मागे सरतो: राजा डी४. काळा डी८ वर जातो. मग पांढरा सी४, काळा सी८. गंमत म्हणजे दोन्ही वेळा मध्ये तीन घरे आहेत आणि दूरचे ऑपोझिशन काळ्याकडेच आहे! तरीही पांढरा डी५ वर परततो आणि मूळ स्थिती जशीच्या तशी उभी राहते, फक्त आता खेळी काळ्याची असते. पांढऱ्याने त्रिकोण फिरून तीन चालींत जे घर गाठले, त्याला काळा दोनच चालींत परत येऊन बसला.

काळ्यालाही असा त्रिकोण का फिरता येत नाही? पांढरा सी४ किंवा डी४ वर असताना त्याला सी५ आणि डी५ ही दोन्ही घरे खुली असतात. त्यामुळे काळ्याला सी७ आणि सी८ या दोन्हींना लागून थांबावे लागते. बी७ व डी७ वर सी६ च्या प्याद्याचा मारा असल्याने उरतात बी८ आणि डी८, आणि ती एकमेकांना लागून नाहीत. पांढऱ्याची सी४ आणि डी४ मात्र शेजारी आहेत. पटावर त्रिकोण शोधताना हाच फरक पाहायचा.

काळ्याकडे दुसरीकडे एखादे मोकळे प्यादे असते, तर अडचणीच्या क्षणी ते एक घर पुढे सरकवून त्याने पाळी परत पांढऱ्यावर ढकलली असती. त्यामुळे त्रिकोण फिरण्याआधी प्रतिस्पर्ध्याच्या प्याद्यांच्या उरलेल्या चाली मोजाव्या लागतात.